फी माफ, पण कोणाची?

दसरा पंधरा दिवसांवर आला की बँकांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक जुना वादही. ‘गृहकर्जावर प्रोसेसिंग फी शून्य!’, ‘नवी गाडी घरी न्या, फी माफ!’ आणि कोपऱ्यात एक तारा, ताऱ्याखाली दोन शब्द: अटी लागू. एक बाजू म्हणते, ही उघड फसवणूक आहे, असल्या जाहिरातींवर बंदीच घाला. दुसरी म्हणते, जाहिरातीचं काम माणसाला दारापर्यंत आणणं. अटी काय, आत आल्यावर सांगतोच की. दोघंही भलत्याच जागी भांडत आहेत. माफी ठळक छापण्यात काहीच गैर नाही. फी खरोखर माफ होणार असेल, तर ते मोठ्या अक्षरात सांगायलाच हवं. गैर आहे ते ‘माफ’ हा शब्द एका जागी आणि ‘कोणाला’ हा शब्द दुसऱ्या जागी ठेवणं. हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवता येत नाहीत, असं बँकांचे जाहिरात विभाग सांगतात. ते खरं नाही.

आधी रक्कम पाहू, कारण वाद बहुतेकदा रक्कम न पाहताच चालतो. समजा फीचा दर कर्जाच्या 0.35 टक्के आहे आणि कमाल मर्यादा 10,000 रुपये. 40 लाखांच्या गृहकर्जावर हिशेबाने 14,000 होतात, पण मर्यादेमुळे 10,000. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 11,800. सणाच्या तोंडावर, घरासाठी पै-पै जमवणाऱ्या माणसाला ही रक्कम छोटी नाही. म्हणून माफी म्हणजे नुसती फसवी चकाकी, हा पहिल्या बाजूचा सूर मला पटत नाही. पण आता दुसरा हिशेब मांडा. 20 वर्षांच्या मुदतीला 8.25 टक्क्यांनी 40 लाखांचा हप्ता साधारण 34,083 रुपये येतो, 8.50 टक्क्यांनी 34,713. फरक महिन्याला 630 रुपयांचा. म्हणजे फी माफ करणाऱ्या बँकेचा दर शेजारच्या बँकेपेक्षा पाव टक्क्याने जास्त असेल, तर वाचलेले 11,800 रुपये एकोणिसाव्या हप्त्यापर्यंत परत गेलेले असतात. दरातला फरक असाच टिकला, तर पुढचे 221 हप्ते ग्राहक नुसता जास्तीचा भरणा करतो.

ही चाल नवी नाही, उलटी फिरवलेली आहे. 2013 च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने ‘शून्य टक्के व्याजा’च्या हप्ता योजनांना आक्षेप घेतला होता. व्याज शून्य दाखवायचं आणि तेच प्रोसेसिंग फीच्या नावाने वसूल करायचं, हा प्रकार पारदर्शक नाही, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा व्याज लपायचं फीमध्ये. आज फी शून्य दाखवून ती व्याजात लपवता येते. प्रत्येक बँक तसं करते असं नाही. सणाच्या महिन्यात खरोखर फी सोडून देणाऱ्या, दर न वाढवणाऱ्या बँका आहेत. पण जाहिरात वाचणाऱ्याला या दोन बँकांतला फरक कळायचा कसा? त्याला दोन्हीकडे एकच ओळ दिसते.

आता बँकांच्या बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, म्हणून नीट घेऊ. पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार: कर्जाची पात्रता एका ओळीत मावत नाही. उत्पन्न किती, आधीचे हप्ते किती, नोकरी कायम की कंत्राटी, सहअर्जदार कोण, मालमत्तेचे कागद साफ आहेत का, निवृत्तीला किती वर्षं उरली, हे सगळं एकत्र पाहून अधिकारी निर्णय घेतो. यातली एकच अट जाहिरातीत छापली, तर ती पूर्ण करणारा प्रत्येक जण म्हणणार, आता कर्ज द्याच. हे अगदी बरोबर आहे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कर्ज मिळणं हा निर्णय असतो. माफी मिळणं हा नियम असतो. माफीचा निर्णय अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडलेला नसतो. मुख्यालयातून शाखांना परिपत्रक जातं आणि त्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं: कोणत्या योजनेला, किती स्कोअरच्या वर, कोणत्या तारखेपर्यंत, किती टक्के सूट, दुसऱ्या बँकेतून आणलेल्या कर्जाला लागू की नाही. कर्जाच्या संगणकप्रणालीत तेच नियम भरलेले असतात. अट बसली तर फीच्या रकान्यात शून्य येतं, नाही बसली तर आकडा येतो. जी गोष्ट शाखेतल्या कारकुनाला चार ओळींत सांगता येते आणि यंत्राला ‘हो किंवा नाही’ इतक्यात कळते, तीच ग्राहकाला सांगताना एकदम ‘गुंतागुंतीची’ कशी होते?

दुसरा मुद्दा: हे सगळं मुख्य तथ्य विवरणात येतंच. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी हे विवरण सक्तीचं आहे. त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर द्यावा लागतो, वकील किंवा मूल्यांकनकार यांच्यासाठी बँक जे घेते तेही दाखवावं लागतं, विवरणात नसलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही, आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी ग्राहकाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. चांगला नियम आहे, आणि तो आल्यापासून शेवटच्या क्षणी फुटणारे आकार लपवणं अवघड झालं आहे. पण हे विवरण ग्राहकाच्या हाती येतं केव्हा? अर्ज, कागदपत्रं, स्कोअरची तपासणी झाल्यावर. तोवर घर घेणाऱ्याने बिल्डरला बुकिंगची रक्कम दिलेली असते. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते, आणि 50 लाखांच्या फ्लॅटला ती 5 लाख होऊ शकते. गाडी घेणाऱ्याने दसऱ्याचा मुहूर्त धरून शोरूममध्ये पैसे भरलेले असतात. इतकं अडकलेल्या माणसाच्या हातात तिसऱ्या आठवड्यात कागद ठेवून ‘फी माफ नाही, पण तीन दिवस विचार करा’ म्हणण्याला काय अर्थ उरतो? शिवाय अर्जासरशी त्याच्या क्रेडिट अहवालात चौकशीची नोंद झालेली असते. थोड्या दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या की पुढचा अधिकारी विचारतो, इतक्या ठिकाणी का हिंडताय? ज्याला माफी लागूच नव्हती, त्याला माफीच्या जाहिरातीने बोलावून त्याचा अहवाल खराब करायचा, हा त्या ताऱ्याचा खर्च आहे आणि तो ग्राहक भरतो.

तिसरा मुद्दा जागेचा, आणि इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल. मराठीतला एसएमएस इंग्रजीपेक्षा लवकर संपतो हे खरं आहे. इंग्रजीत एका संदेशात 160 खुणा मावतात, देवनागरीत 70. संदेश जोडले तर प्रत्येकात 67. मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे ‘प्रोसेसिंग’ हा एकच शब्द 10 जागा खातो. तरीही हा मजकूर पाहा:

दिवाळी: गृहकर्जाची प्रोसेसिंग फी माफ. अट: सिबिल 750+, मंजुरी 15 नोव्हेंबरपर्यंत. वकील-मूल्यांकन खर्च वेगळा.

मोकळ्या जागा धरून हे 107 होतं. दोन जोडसंदेशांची मर्यादा 134. म्हणजे माफी, पात्रता, तारीख आणि न माफ झालेला खर्च, चारही गोष्टी बसूनही 27 खुणांची जागा उरते. ‘या दिवाळीत स्वप्नांच्या घराला द्या आनंदाचा उंबरठा’ यासारख्या ओळीला मात्र जागेची अडचण कधी आल्याचं ऐकिवात नाही.

या संदेशातली तारीख मुद्दाम ‘मंजुरी’ला बांधली आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. ‘ऑफर 15 नोव्हेंबरपर्यंत’ एवढंच लिहिलं, तर त्याचे तीन अर्थ होतात: अर्ज तोवर द्यायचा, मंजुरी तोवर मिळायला हवी, की पैशाची उचल तोवर व्हायला हवी? ग्राहक साहजिकच पहिला अर्थ घेतो. परिपत्रकात बऱ्याचदा तिसरा असतो. आता एक काल्पनिक प्रकरण पायरीपायरीने पाहू. 20 ऑक्टोबरला अर्ज दिला. पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, बँकेचे उतारे गोळा होऊन फाइल पुढे जायला तीन दिवस. मग वकिलाचा मालकी हक्काचा शोध-अहवाल आणि मूल्यांकनकाराची भेट, यात दिवाळीच्या सुट्ट्या धरून बारा दिवस. 6 नोव्हेंबरला मंजुरीपत्र. त्यानंतर करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, मुद्रांक शुल्क भरायचं, स्वतःच्या हिश्शाची रक्कम बिल्डरला दिल्याची पावती आणायची, बिल्डरचं ना-हरकत पत्र घ्यायचं. हे पत्र आठ दिवस उशिरा आलं, म्हणजे उचल 20 नोव्हेंबरला. अर्ज वेळेत, मंजुरी वेळेत, ग्राहकाची चूक शून्य, आणि फी 11,800. शाखेत जाऊन विचारलं तर उत्तर मिळतं, ‘सर, सिस्टिममध्ये ऑफर बंद झाली.’ माणूस खोटं बोलत नसतो, सिस्टिममध्ये ती खरंच बंद झालेली असते. बांधकाम चालू असलेल्या घराला तर उचल टप्प्याटप्प्याने होते; तिथे ‘पहिली उचल’ हे दोन शब्द नसतील तर वाद ठरलेलाच.

गाडीच्या बाबतीत हाच घोळ डिलिव्हरीच्या तारखेवर होतो. दसऱ्याला बुकिंग, हव्या त्या रंगाला दोन महिन्यांची प्रतीक्षा, गाडी डिसेंबरात. बँक पैसे सोडते ते गाडी हाती येण्याच्या सुमारास, कारण आरसीवर तिच्या बोज्याची नोंद गाडीच्या नोंदणीबरोबरच व्हायची असते. त्यामुळे ‘बुकिंग ऑक्टोबरात, माफी लागू’ आणि ‘कर्ज ऑक्टोबरात, माफी लागू’ या दोन पूर्ण वेगळ्या योजना आहेत. बोज्याच्या नोंदीचं सरकारी शुल्कही, मोटारीला 1,500 रुपये, ‘फी शून्य’मध्ये येत नाही, ते आरटीओचं असतं. हे कोणी लपवत नाही, फक्त कोणी सांगत नाही. घराच्या कर्जात वकील आणि मूल्यांकनाचा खर्च तसाच राहतो, शिवाय महाराष्ट्रात मालमत्तेचे कागद बँकेकडे गहाण ठेवल्यावर त्यावर कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क लागतं आणि त्याची सूचना निबंधक कार्यालयात द्यावी लागते. मोठ्या कर्जाला हे शुल्क काही हजारांत जातं. ‘फी शून्य’ वाचून खिशात शून्य घेऊन येणाऱ्याला खरा धक्का इथे बसतो.

चौथा मुद्दा प्रामाणिक आहे आणि त्याची मला थोडी चिंताही वाटते. पात्रता स्पष्ट छापली की पात्र माणसंही मागे हटतात, असं म्हणतात. ‘सिबिल 750’ वाचून 742 स्कोअरवाला येतच नाही, आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, ज्याच्या अहवालात स्कोअरच्या जागी उणे एक दिसतं, त्याला वाटतं आपण बादच. अशांना कर्ज मिळू शकतं, फक्त माफी मिळणार नाही. म्हणून अट लपवायची? अट नीट लिहायची. ‘750 पेक्षा कमी स्कोअर असल्यास कर्ज मिळू शकतं, फी मात्र नेहमीची’ या एका वाक्याने 742 वाला आत येतो, आणि पहिल्या दिवसापासून त्याला फीचा आकडा माहीत असतो. ‘पहिलंच कर्ज असेल, स्कोअर नसेल, तरी अर्ज करा’ एवढं लिहिलं की उणे एकवालाही येतो. माणसं अटीला घाबरत नाहीत हो, अट कुठे लागेल याचा पत्ता नसला की घाबरतात. आणि संयुक्त कर्ज असेल तर कोणाचा स्कोअर धरणार, अर्जदाराचा की दोघांतला कमी असलेला? नवरा-बायको दोघं मिळून घर घेत असतील तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि त्याचं उत्तर परिपत्रकात असतं. ते जाहिरातीत क्वचितच असतं.

काही जाहिराती अट लिहितात, पण अशी की न लिहिलेली बरी. ‘100 टक्क्यांपर्यंत फी माफ’ घ्या. यातला ‘पर्यंत’ सगळं काम करतो; 10 टक्के माफ केली तरी वाक्य खरंच राहतं. ‘निवडक ग्राहकांना’, ‘पात्र ग्राहकांना पात्रतेनुसार’ ही वाक्यं तर स्वतःभोवतीच फिरतात: पात्र कोण, तर जो पात्र आहे तो. आणि सगळ्यात खटकणारी सवय म्हणजे दावा मराठीत, अट इंग्रजीत. वर ठसठशीत ‘फी माफ’, खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी ओळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत याबद्दल कसलीही संदिग्धता नाही. अट दाव्याच्याच भाषेत हवी, त्याच अक्षरात हवी, ठळक दिसेल अशा जागी हवी. ती दावा स्पष्ट करू शकते, पण दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही आणि फसव्या दाव्याला सावरूही शकत नाही. ‘फी शून्य’ म्हणून वर सांगायचं आणि खाली ‘बँकेच्या निर्णयानुसार’ लिहायचं, हे या कसोटीवर टिकत नाही. तेव्हा बंदी मागणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं की नवा कायदा नको, आहे त्याच नियमावर बोट ठेवा.

इथे लंडनचा एक जुना खटला उपयोगी पडतो. कायद्याचे विद्यार्थी तो पहिल्याच वर्षी शिकतात. 1891 मध्ये कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली: आमचा धुरी देणारा गोळा दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सूचनेप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, आमच्या खरेपणाची खूण म्हणून 1,000 पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी तो सूचनेप्रमाणे वापरला, त्यांना फ्लू झाला, आणि कंपनी म्हणाली, छे, ती तर नुसती जाहिरात. 1892 मध्ये अपील न्यायालयाने पैसे द्यायला लावले. एरवी या खटल्याची आठवण ‘जाहिरातही वचन ठरते’ म्हणून काढली जाते. मला त्यातलं दुसरं दिसतं. कार्लिल जिंकल्या, कारण अट बक्षिसाच्या शेजारीच, मोजता येईल अशा शब्दांत छापलेली होती: किती वेळा, किती दिवस. जाहिरातीत ‘अटी लागू’ एवढंच असतं, तर बाईंनी अट पूर्ण केली हे सिद्ध करायचं तरी कशाच्या आधारावर? स्पष्ट अट ग्राहकाला जितकी बांधते तितकीच ती देणाऱ्यालाही बांधते. बँकांचा जाहिरात विभाग ताऱ्याला इतका चिकटून का बसतो, याचं उत्तर बरंचसं यात आहे, जागेत नाही.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. 1990 पर्यंत पाकिटबंद मालावर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ लिहिता येत असे, आणि दुकानदार ते वेगळे कर आपापल्या मर्जीने लावत. मग सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. कर प्रत्येक राज्यात निराळे असताना एकच आकडा कसा छापायचा, हा उत्पादकांचा सवालही रास्त होता. तरी आकडा छापला गेला.

मग चांगली जाहिरात कशी दिसेल? गाडीच्या कर्जाची घेऊ: ‘नव्या मोटारीच्या कर्जावर प्रोसेसिंग फी पूर्ण माफ. सिबिल 750 किंवा अधिक असलेल्यांना. संयुक्त कर्जात दोघांपैकी कमी स्कोअर धरला जाईल. 31 ऑक्टोबरपर्यंत मंजुरी हवी, गाडी 31 डिसेंबरपर्यंत आली तरी चालेल. स्कोअर कमी असल्यास कर्ज मिळू शकतं, फी 0.50 टक्के अधिक जीएसटी. जुन्या गाडीला लागू नाही. आरटीओचं शुल्क वेगळं.’ यातले आकडे नमुन्याचे आहेत.

चौकातल्या होर्डिंगवर एवढं मावणार नाही, हे मान्य. तिथून जाणारा स्कूटरवाला तीन सेकंद बघतो. मग होर्डिंगवर ‘माफ’ लिहू नका. ‘नव्या गाडीचं कर्ज, 750 स्कोअरला फी नाही’ एवढं लिहा. बाकी शाखेच्या दारावर, मराठीत, त्याच आकाराच्या अक्षरात.